भिजू घातलेल्या गंजाबद्दल माह्या रूम पार्टनरले खुलं पत्र

प्रति,
श्रीमान रूम पार्टनर साहेब,
खिडकीजवळची खाट, पंख्याच्या बराबर खाली.

विषय: मोरीतला खिचडीचा गंज राखीपौर्णिमेपासून पोळ्यालोक भिजत ठेवल्याबद्दल.

संदर्भ: 1) माहं तोंडी सांगणं, रोज सकाळी. 2) मोरीच्या वरती चिकटवेल चिठ्ठी, जिच्यावर तू गरम तवा ठेवला. 3) घरमालकीण काकूनं काल दारातून विचारलेला एक प्रश्न, तो खाली येईनच.

महोदय,

साहेब म्हणतो कारण तू कृषी सहायक आहेस, गावातले लोक तुले साहेब म्हणतात, अन् म्या बी आजच्या दिवस म्हणून घेतो, उद्यापासून पुन्हा अबे-तुबे सुरू. हे पत्र खुलं काऊन लिहितो ते आधी सांगतो. बंद पत्र म्या दोन लिहिले. एक तू दुकानाचा हिशोब करायले वापरलं, दुसऱ्यावर भजे ठेवले. म्हणून आता हे सगळ्यायले वाचू दे, गावच्या तंटामुक्ती समितीलेही एक प्रत देतो. ती योजना 2007 च्या 15 ऑगस्टपासून सुरू आहे, बांधाचे भांडण मिटले, धुऱ्यावरच्या बाभळीचे मिटले, पण दोन शिकेल-सवरेल माणसायचं एका गंजावरून जुंपलं असं प्रकरण तिच्यासमोर आलं असंन असं मले वाटत नाही.

करार काय होता ते आठव. जुलैत आपण ही खोली घेतली तेव्हा तू म्हटलं, "भाऊ, सैपाक तू कर, तुह्या हाताले चव हाये, भांडे माह्याकडं." म्या भोळा माणूस, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीले शिकवतो, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवाची सवय लागेल आहे. सैपाक म्या केला. वांगे-आलू केले, फल्लीदाण्याचा कूट टाकून पातळभाजी केली, एका रविवारी तर पाटोडीचा रस्सा केला अन् तू तीन ताटल्या खाल्ला. तीन. आणि त्या तीनही ताटल्या वेगवेगळ्या होत्या, कारण पहिली खराब झाली म्हणून तू दुसरी घेतली. हे म्या तेव्हाच पाह्यलं होतं. तेव्हाच समजाले पाह्यजे होतं.

आता तुह्याकडं भांडे न घासण्याचं कारण कधीच नसते, तुह्याकडं एकच शब्द असते, "भिजू दे." या दोन शब्दायच्या जोरावर (बरं, दोन आहेत, घे) तू अडीच महिने काढले. चहाचा कप, भिजू दे. कुकर, भिजू दे. ज्या ताटलीत फक्त बिस्कीट ठेवेल होतं ती बी भिजू दे. तुले भिजवणं म्हणजे घासण्याची सुरुवात वाटत नाही, तुले ते घासणंच वाटते. पाणी टाकलं की तुह्या हिशोबानं काम झालं, आता पुढचं निसर्ग पाहून घेईन.

म्हणून मूळ मुद्द्यावर येतो, काकूचा गंज.

आपल्याकडचे नसतील त्यायच्यासाठी सांगतो, पुण्याकडं गंज म्हणजे लोखंडाले लागते तो, आपल्याकडं गंज म्हणजे पातेलं, अन् "गंज झालं" म्हणजे पुष्कळ झालं. मराठी भाषेत हे तीन अर्थ वेगवेगळे राहावं अशी सोय होती, तू तिन्ही एका मोरीत आणले. कारण त्या गंजात तू तुहा लोखंडी सराटाही बुडवून ठेवला, त्याले गंज चढला, त्याचं लाल पाणी गंजात उतरलं, अन् म्या म्हटलं आता गंज झालं.

राखीच्या दिवशी तुहे चार दोस्त आले. आपल्याकडं सहा माणसाचं भांडं नाही म्हणून म्या घरमालकीण काकूकडून जर्मनचा मोठा गंज मागून आणला. काकूनं देतानी म्हटलं होतं, "गुरुजी, देतो, पण महालक्ष्म्यायले लागते मले, पुरणाची डाळ त्याच्यातच शिजते." म्या म्हटलं, "उद्या सकाळी वापस." हे वाक्य म्या तुह्या भरोशावर बोललो, हे माहं पाप. तुरीच्या डाळीची खिचडी टाकली, तू म्हटलं आच वाढव, भूक लागली, आच वाढवली, अन् खिचडी बुडाले लागली. करपली म्हणता येत नाही, पण बोटभर थर धरला. जेवण झालं, दोस्त गेले, तू गंज मोरीत नेला, वरलोक पाणी भरलं, हात पुसले अन् म्हटलं तेच जे तू म्हणते.

आता म्या तुले शास्त्रानं सांगतो, तू बीएस्सी ॲग्री आहेस, समजन. खिचडीचा थर म्हणजे शिजेल भाताची अन् डाळीची पिठी. ती गरम-ओली असतानी ढिली असते, सुकली की खपली होते. म्हणून भिजवाचंच असंन तर जेवल्याबरोबर, गंज कोमट असतानी, थर झाकन एवढंच पाणी टाकाचं, म्हणजे दोन बोटं, गळ्यालोक नाही. मंद आचेवर एक उकळी येऊ द्याची, झाकण ठेवून उतरवाचं, वीस मिनिटं. बस. मग लाकडी सराट्यानं बुडाशी लोटलं की थर चादरीसारखा निघते. म्या शाळेत पाह्यलं आहे, पोषण आहाराची खिचडी करणारी ताई असंच करते, तिच्या गंजात तर पन्नास-साठ लेकरायची खिचडी असते, अन् पोरं जेऊन हात धुईस्तोवर तिचा गंज पालथा पडेल असते.

त्या वीस मिनिटायच्या नंतर भिजवून जे भेटते ते फार कमी. रातभर ठेवलं तर थर मऊ होते हे खरं, पण त्याच्यासोबत पाणी आंबते. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर फेस दिसते, वास येते, तिसऱ्या दिवशी भांड्याले आतून बुळबुळीत थर धरते, बोट लावलं की सरकते. तो थर नुसत्या पाण्यानं जात नाही, म्हणजे आता तू एका घाणीच्या जागी दोन घाणी केल्या. अन् बाहेरून तेलाचा ओघळ आहे तो वेगळा, तो थंड्या पाण्यात हजार वर्षं भिजवला तरी जाणार नाही, तेलाले गरम पाणी अन् साबण लागते. हे तुले माहीत आहे. फवारणीच्या पंपात राहेल औषध सुकलं की नोझल जाम होते, म्हणून "फवारणी झाली की लगेच पंप धुवा" असं तूच शेतकऱ्यायले बांधावर उभं राहून सांगते ना बे? एकदा म्या ऐकलं तुहं भाषण. इतकं सुंदर बोलला तू. म्या मागं उभा राहून मोरी आठवत होतो.

आता पाण्याचं. तू म्हणशीन, पाणीच नाही तर घासू कशानं. हे ऐकून घेतलं असतं म्या, तू सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा आहेस, तुमच्या विहिरीले गोड पाणी आहे, तुले इथलं समजत नसंन. पण दर्यापूर तालुक्यात राहून खारपाणपट्टा माहीत नाही असं कृषी सहायकाले म्हणता येत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाण्यातला हा सगळा पट्टा, जमिनीखालचं पाणी खारं, हापशी मारली की पहिल्या घोटात समजते. त्या पाण्यात साबणाची वडी घासघास घासली तरी फेस येत नाही, वरतून दह्याच्या साक्यासारखं काहीतरी तरंगते. ते पाण्यातल्या क्षारायनं साबण धरून घेतेल असते, म्हणजे अर्धी वडी भांड्यावर नाही, पाण्यावरच खर्च होते. अन् त्याच पाण्यानं शेवटचं विसळून तसंच ठेवलं तर स्टीलचे ग्लास वाळल्यावर पांढरे पडतात, पाहुण्याले वाटते ताक पिऊन ठेवले.

आपला नळ सहाव्या दिवशी येते, तोही दीड तास. मोठा ड्रम भरते, प्याचे गुंड भरते, संपलं. म्हणून म्या पह्यल्याच आठवड्यात पद्धत बसवली होती, तुले दोनदा करून दाखवली. पह्यले उष्टं सगळं पुसून टाकाचं, कागदानं, नाहीतर वाळेल पऱ्हाटीच्या राखेनं, काकूच्या चुलीची राख म्या डब्यात चाळून ठेवेल आहे. राख म्हणजे गरिबाचा साबण असं म्हणतात ते उगीच नाही, तिच्यातला खार तेलाले धरते अन् बारीक कण घासणीचं काम करतात. मग घासणं अन् पहिलं विसळणं बोअरच्या खाऱ्या पाण्यात, एका घमेल्यात. अन् शेवटचं, फक्त शेवटचं, नळाच्या गोड पाण्यात, एका गडव्यात होते, मग पालथं ठेवाचं. असं लगेच केलं तर दोन माणसाचे दोन वेळचे भांडे दीड बालटीत होतात, म्या मोजलं आहे. वाळले की त्यालेच चार बालट्या लागतात. अन् तू काय केलं? काकूच्या त्या गंजात भिजवाले नळाचं पाणी टाकलं. प्याचं. ड्रममधून. बारा-तेरा लिटर. म्या त्या दिवशी शाळेतून आलो अन् पेपरच्या कागदानं ताटली पुसून जेवलो, कारण पाणी वाचवाचं होतं, अन् इकडं तुही खिचडी गोड पाण्यात पोहत होती.

बरं, तिसऱ्या दिवशी म्या म्हटलं घास. तू म्हटलं, "उद्या एकदमच काढतो." पाचव्या दिवशी म्हटलं, "आज शेतीशाळा हाये, बोंडअळीचे ट्रॅप पाहाले जातो." ही गोष्ट लक्षात ठेव, बोंडअळी पुन्हा येणार आहे. तोवर घरातले सगळे भांडे संपले होते. कौतुक करतो, जिद्द आहे तुह्यात. ताटल्या संपल्या तर तू कुकरच्या झाकणात पोहे खाल्ले, शिटीच्या बाजूनं रस्सा गळत होता तर बोट लावून बसला. चहा डब्याच्या झाकणात. एक दिवस तर म्या सकाळी उठलो तर तू पूजेच्या तांब्यात मॅगी करून राह्यला होता, अन् वरून मले म्हणते, "देव काही म्हणत नाही." देव नाही म्हणत, पण मोरीच्या जाळीत जी मटकी पडेल होती तिले मोड आले, ते पाहून तू खाली बसला, मोजले, अन् मले सांगितलं की उगवण चांगली आहे. लेका, सोयाबीनची उगवण सत्तर टक्के आली की पेरणीले चालते हे माहीत आहे मले, पण मोरी पेराची नव्हती.

आता नवव्या दिवसावर येतो.

नवव्या दिवशी, म्या शाळेतून जेवाच्या सुट्टीत घरी आलो, अन् आशाताई दारात. पावसाळ्यात गावात डासाचा सर्वे असते, कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात, हप्त्यातून एकदा घरातलं सगळं साठेल पाणी फेकाचं अन् भांडं पुसून वाळवाचं. आशाताईची पोरगी माह्याच वर्गात आहे. हे महत्त्वाचं आहे, माही इज्जत किती कशी गेली ते समजासाठी. तिनं ड्रम पाह्यला, बरोबर. कुंडीखालची ताटली पाह्यली, कोरडी. मग मोरीत बॅटरी मारली अन् थांबली. "गुरुजी, हे काय?" म्या म्हटलं, "भिजू घातलं ताई." तुहे शब्द माह्या तोंडून निघाले, पार्टनर, त्या दिवशी.

तिनं गंजाले जरासा धक्का देल्ला. पाण्यावर जे बारीक बारीक लटकेल होतं ते सगळं एकदम वळवळत खाली गेलं. म्या आधी म्हटलं शितं आहेत. शितं वळवळत नसतात. काही अळ्या होत्या अन् काही त्याहून जाड्या, स्वल्पविरामासारख्या वाकेल. आशाताई म्हणे हे कोष आहेत, आता एक-दोन दिवसात डास होऊन उडतीन.

ह्या ठिकाणी तुही साक्ष आठव. तू घरातच होता, खाटेवर, अन् आतून ओरडला, "कालच भिजू घातलं ताई!" अन् आशाताई, जिले तू साधी समजतो, तिनं काय म्हटलं? म्हणे, "भाऊ, अंड्यातून अळी निघाले एक-दोन दिवस लागतात, अळीचा कोष व्हाले पाच-सहा दिवस, म्हणजे हे पाणी हप्त्याच्या आत असूच शकत नाही." संपलं. खुनाच्या केसमध्ये जसं डॉक्टर येऊन सांगते की मयत किती तासाचं आहे, तसं त्या बाईनं तुह्या खिचडीचं वय काढलं. अन् तुह्याकडं उत्तर नव्हतं, तू फक्त पंखा वाढवला.

पुढचं तर सांगाव वाटत नाही पण खुलं पत्र आहे. म्या घाबरलो, विचारलं, "ताई, डेंग्यूचे तर नाही ना?" तिनं वाकून पाह्यलं, म्हणे, "नाही गुरुजी, डेंग्यूचा डास स्वच्छ साठेल पाण्यात होते. हे असं घाण पाण्यातले, नालीतले डास व्हय." म्हणजे मले आनंद व्हावा का रडावं हेच समजेना. डेंग्यूच्या डासानं आपला गंज पाह्यला अन् नाकारला. आपल्या गंजाले सरकारी तोंडातून नालीचा दर्जा भेटला. अन् हेच नालीतले डास हत्तीपाय पसरवतात हे ती जाता जाता बोलली ते वेगळंच. तिनं वहीत आमच्या घरासमोर खूण केली, ज्या वहीत माह्याच वर्गातल्या अकरा पोरायचे घरं आहेत अन् त्यायच्यासमोर काही खूण नाही. मग तिनं पिशवीतून औषधाची बाटली काढली, अळ्या मारायची, ड्रम-टाक्यात टाकतात ती. म्या हात जोडले, ताई, हे काकूचं पुरणाचं भांडं आहे. तर ती म्हणे, "मग फेका ना पाणी, औषध तर जे पाणी फेकता येत नाही त्याले असते." एवढं सोपं वाक्य. फेका ना पाणी. अडीच महिने म्या हेच सांगत होतो, पण माह्याजवळ बॅटरी नव्हती.

जाता जाता ती हसत म्हणे, "नसंन फेकत तर पुढच्या वेळी गप्पी मासे आणून सोडतो." अन् तू, खाटेवरून, खरंच विचारलं, "ते शितं खातात का?"

म्या पाणी फेकलं. अंगणात, उन्हात, मातीवर, नालीत नाही, तिनंच तसं सांगितलं होतं, कोरड्यात अळ्या मरतात. अन् म्हटलं आता तरी हा माणूस घासंन. संध्याकाळी म्या शाळेच्या मीटिंगवरून आलो तर घरात वाफ. तू गंज गॅसवर चढवेल. माह्या डोळ्यात पाणी आलं. तू म्हटलं, "यूट्यूबवर पाह्यलं, सोडा टाकून उकळाचं." अन् तू खायच्या सोड्याचं अख्खं पाकीट टाकेल होतं. स्टीलचं असतं तर म्या तुही आरती केली असती, स्टीलले ही युक्ती लय चांगली, करपेल थर दहा-पंधरा मिनिटात सुटते. पण हा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियम. सोडा उकळला की त्याचा खार अजून कडक होते, अन् खार ॲल्युमिनियमले खाते. थर निघाला, खोटं नाही बोलत, पण गंज आतून काळा-राखाडी पडला, अमावस्येसारखा. म्हणूनच जर्मनच्या भांड्याले राखही लावत नाहीत, तिच्यातही खारच असते, काकू तिची राख फक्त पितळ अन् लोखंडाले लावते. हे तुले कोणी सांगितलं नव्हतं असं नको म्हणू. डब्यावरच लिहून ठेवेल आहे म्या: "राख. जर्मनले नाही."

हे तुह्या हातानं भांडे घासण्याचं दुसरं उदाहरण. पहिलं माह्या आईनं देल्ला नॉनस्टिक तवा, जो तू तारेच्या घासणीनं इतका मन लावून घासला की त्याचा काळा थर निघून खालून चांदी दिसू लागली, अन् तू आनंदानं मले दाखवला, "पाह्य, नवा केला." त्या दिवसापासून मले संशय आहे की तू मुद्दाम करते. एकदा असं काम कर की पुन्हा कोणी सांगणार नाही. बैलही असं करते, पह्यल्या दिवशी जू मोडते. पण बैलाचा पोळा तरी एकच दिवस असते.

अन् काळा पडल्यावर तू काय केलं? पुन्हा पाणी भरलं. म्हटलं, "काळं सुटू दे, भिजू दे."

आता बोंडअळी. तू शेतकऱ्यायले शिकवते की उगीच फवारू नका, आधी आर्थिक नुकसान पातळी पाहा. एका कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग आले, मगच फवारा. किती सुंदर गोष्ट आहे, म्या तुह्याकडूनच शिकलो. मले फक्त एवढं विचाराचं आहे, आपल्या मोरीची नुकसान पातळी किती धरली आहे तू? चिलटं तर म्या मोजणं सोडलं. झुरळ एक दिवसाआड दिसते. डासाचे कोष निघाले. सरकारी वहीत नाव गेलं. आता याच्यावर कोणता पतंग यावा लागते म्हणजे साहेब घासणी हातात घेतीन? बिबट यावा लागते का मेळघाटातून?

अन् हे सगळं कुठं चाललं आहे? शेंडगाव इथून एसटीनं जवळ आहे. 1876 मध्ये तिथं जो माणूस जन्मला तो आयुष्यभर एका हातात झाडू अन् डोक्शावर गाडग्याचं खापर घेऊन फिरला, त्याच खापरात जेवला, धुतलं अन् पुन्हा डोक्शावर ठेवलं. गाडगेबाबाकडं एकच भांडं होतं. आपल्याकडं बावीस आहेत, म्या मोजले, अन् त्यातले एकवीस मोरीत आहेत. बाविसावा तो पूजेचा तांब्या, तो तुह्या उशाशी आहे, त्यात काय आहे ते म्या पाह्यलं नाही, पाहणारही नाही. माह्या दुसरीतले पोरं खिचडी खाल्ली की रांगेत उभे राहून आपआपली ताटली धुतात, सात वर्षाचं लेकरू, त्याले नळाची तोटी पुरत नाही, टाचा वर करते अन् धुते. त्यायले म्या कोणत्या तोंडानं सांगू की गुरुजीच्या घरी काय चालू आहे? त्यायले माहीतच आहे. आशाताईच्या पोरीनं परवा वर्गात विचारलं, "गुरुजी, तुमचे मासे आले का?"

तर मागण्या. लय नाहीत. काकूनं काल दारात उभं राहून विचारलं, "गुरुजी, गंज कुठं गेला?" म्या म्हटलं, "आहे, काकू, आहे." खोटं नव्हतं, आहेच तो. आज पोळा, महालक्ष्म्या यायले आठ-नऊ दिवस आहेत. काळा पडेल गंज उजळते, घाबरू नको, पण त्याले खाराच्या उलट पाह्यजे, आंबट. मूठभर चिंच, नाहीतर दोन-तीन लिंबं, काळं आलं आहे तिथवर पाणी, पंधरा मिनिटं उकळू दे, मग पाणी फेकून नरम घासणीनं घास, तार नको. चिंच काकूच्याच झाडाची आहे, म्या आणून ठेवली, ओट्यावर, तुह्या फोनच्या चार्जरजवळ, म्हणजे तुले दिसंन. एका वेळेत पूर्ण नाही निघालं तर दुसऱ्यांदा उकळ. पण उकळ. भिजवू नको. चिंच टाकून रातभर ठेवशीन तर आंबट पाणी पुन्हा ॲल्युमिनियमलेच लागंन अन् काकूच्या गंजाले आतून बारीक बारीक खड्डे पडतीन.

सराटा काढून पुसून तेलाचा हात लावून ठेव. बाकीचे एकवीस आपण वाटून घेऊ, अकरा तू, दहा म्या, एवढा मोठेपणा म्या दाखवतो. अन् नळ उद्या सकाळी साडेसहाले येते, त्या वेळी उठून राह्य, शेतीशाळा सांगू नको, उद्या पाडवा-कर आहे, शेतकरी बी झोपेल असतीन.

आपला (अजूनलोक),
रूम पार्टनर

प्रत माहितीसाठी: तंटामुक्ती अध्यक्ष, आशाताई, तुही आई, जिनं मले फोनवर म्हटलं होतं की घरी असतानी पोरगं सगळं करते.

ता.क. वरचं लिहून झाल्यावर म्या मोरीत गेलो तर गंज जागेवर नव्हता. खरं सांगतो, छातीत धस्स झालं, म्हटलं घासला बे पोट्ट्यानं, वापसही देऊन आला, अन् आपण इथं एवढं लिहून बसलो. हे पत्र फाडणारच होतो. मग झाडू काढाले खाटेखाली वाकलो. तिथं होता. वरून तुहा टॉवेल झाकेल, आत काठोकाठ पाणी, अन् त्या पाण्यात माही सगळी चिंच.